तुलना साइटवर ‘स्पॉन्सर्ड’ पंप पहिला काहून? भरवसा ठेवावा का नाही?

पांढरकवड्याचा गणू
पऱ्हाटीवर फवारणीसाठी बॅटरी पंप घ्यायचा हाय, 16 लिटरचा. भाव तुलना करणाऱ्या साइटवर पाह्यलं तं पयले तीन पंप ‘स्पॉन्सर्ड’. सगळ्यात वरचा 2,399 चा. हे चांगले म्हणून वर हायेत का पैसे देऊन? अन् भरवसा कोणत्यावर ठेवावा?

बाभूळगाव कास्तकार
पैसे देऊन, दुसरं काय. स्पॉन्सर्ड दिसलं की डोळे मिटून खाली जायचं. सरकारनं तं हे बंदच केलं हाय, तरी लेकाचे दाखवतात. ‘कमी भाव आधी’ दाब, पहिला दिसला तो घे. मोकळा.

दारव्ह्याचा परत आलेला
मी सहा वर्षं पुण्यात जाहिरातींच्या बोलीचंच काम केलं, आता घरी शेती बघतो. कास्तकार भाऊंचं अर्धं बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यात गणूचे पैसे जातील.

वरची जागा लिलावात जाते, पण जास्त बोली लावणाराच जिंकतो असं नाही. समजा एका दुकानानं एका क्लिकला 6 रुपये बोली लावली आणि त्याची ओळ शंभर जणांना दिसली तर दोघेच दाबतात. साइटला मिळाले 12 रुपये. दुसऱ्यानं 4 रुपयेच लावले, पण त्याच्या ओळीवर शंभरात पाच जण दाबतात. साइटला 20 रुपये. वर दुसरा बसतो. क्लिक कशानं मिळतात? ठसठशीत फोटो, ओळखीचं नाव आणि कमी दिसणारा आकडा. 2,399 हा आकडा वर येण्यासाठीच असा ठेवलेला असतो. पंप किती चालतो, हे त्या हिशोबात कुठंच नाही.

आता ‘स्पॉन्सर्ड सोडून खाली जा’ याबद्दल. खालच्या, ‘स्पॉन्सर्ड’ची चिठ्ठी नसलेल्या ओळी फुकट आहेत असं वाटतं ना? बहुतेक तुलना साइटचं पोट दुकानांनी दिलेल्या पैशांवरच भरतं, कुणी क्लिकमागं देतो, कुणी विक्रीमागं कमिशन. ज्या दुकानाचा करार नाही ते यादीत पुष्कळदा नसतंच. तुझ्या तालुक्याचं कृषी केंद्र त्यात दिसलं का? म्हणजे चिठ्ठी असलेली ओळ उलट जास्त सरळ, ती निदान सांगते तरी. आणि ‘लोकप्रिय आधी’ या क्रमात कमिशनचं वजन किती, हे खालच्या ओळीवरून आपल्याला कळत नाही.

हिंगणघाट 442301
भावाच्या साइटवर माहा बिलकुल भरवसा नाही. मागच्या हंगामात कापसाचा भाव एक दाखवला, बाजार समितीत गेलो तं दुसराच. गाडीभाडं अंगावर आलं.

पांढरकवड्याचा गणू
अगा भाऊ, तो बाजारभाव वेगळा. इथं पंपाचं चालू हाय.

दारव्ह्याचा परत आलेला
तरी त्यांच्या बोलण्यात एक धागा आहे. बाजार समितीच्या भावात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे असतात आणि वरची ओळ कुणी विकत घेत नाही. तरी कमाल भाव वाचून गाडी भरली की फसतोच माणूस. इथंही तसंच, मोठ्या अक्षरातला आकडा एका विशिष्ट मालाचा आणि विशिष्ट अटींचा असतो.

अमरावतीचं दुकान
आता माझंही ऐका, कारण शिव्या मलाच पडताहेत. मी ऑनलाइन पंप, पाइप, नोझल विकतो. नवा माल टाकला तेव्हा रिव्ह्यू शून्य. जाहिरात दिली नाही तर कितव्या पानावर जातो ते मलाच सापडत नाही. क्लिकला 4 रुपये पडतात, तीस क्लिकमागं एक पंप विकतो, म्हणजे पंपामागं 120 रुपये जाहिरातीतच. ते मी भावावर चढवत नाही, नफ्यातून देतो. गावात चौकातलं दुकान जास्त भाडं देतं म्हणून तिथला माल खोटा ठरतो का?

बाभूळगाव कास्तकार
चौकातल्या दुकानदारानं स्वतःला ‘तुलना’ म्हटलं नाही बाप्पा! तो म्हणतो माह्या दुकानातून घे. ही साइट म्हणते, मी तुह्यासाठी दहा दुकानं फिरून आलो. फिरून येणाऱ्यानंच चिरीमिरी घेतली तं त्याले काय म्हणायचं?

अन् नफ्यातून देतो म्हणता, पुढच्या सालच्या भावात ते 120 नसतील का?

अमरावतीचं दुकान
असतील कदाचित. पण मग ते जाहिरातीतल्या ओळीत आणि साध्या ओळीत सारखेच असतील, कारण भाव एकच असतो. जाहिरातीतून घेतला म्हणून महाग पडला, असं होत नाही.

दारव्ह्याचा परत आलेला
हा मुद्दा खरा आहे. गणू, तोच पंप खाली परत शोध. पुष्कळदा तोच माल, तोच विक्रेता वर चिठ्ठीसह आणि सात-आठ ओळी खाली चिठ्ठीशिवाय दिसतो. भाव तोच असेल तर जाहिरातीनं तुला फक्त लवकर दाखवलं. खाली दुसरा विक्रेता तोच मॉडेल स्वस्तात देत असेल, तर वरच्या ओळीनं तुला लांब ठेवलं.

जागेचं वजन किती असतं बघा. युरोपियन कमिशननं 2017 मध्ये गुगलला 242 कोटी युरोचा दंड केला, तो याच मामल्यात. स्वतःची खरेदी-तुलना वर आणि बाकीच्या तुलना साइट खाली ढकलल्या म्हणून. तेव्हा कमिशननं नोंदवलं होतं की पहिला निकाल तिसऱ्या जागी हलवला की क्लिक जवळपास निम्म्यानं घटतात. माल तोच, फक्त दोन जागा खाली. आपल्याकडंही भारतीय स्पर्धा आयोगानं 2018 मध्ये गुगलला सुमारे 136 कोटींचा दंड केला, त्यात विमान तिकिटांचा चौकोन वर दाखवण्याची गोष्ट होती.

सुलभाताई, पुसद
मी फ्रिज घेतला तेव्हा साइटवर एक भाव आणि दाबल्यावर दुकानाच्या पानावर चारशे जास्त. फोन केला तर म्हणे ‘ऑफर संपली’. ही फसवणूक की नाही?

दारव्ह्याचा परत आलेला
ताई, दोन्ही शक्य आहे. दुकान आपली भावयादी साइटला पाठवतं, ती ठराविक वेळानंच ताजी होते, मधल्या वेळात भाव बदलला की जुना आकडा लटकत राहतो. एकदा झालं तर चूक म्हणा. एकाच दुकानाचं दर वेळी तसं होत असेल, तर तो गळ आहे. स्क्रीनशॉट ठेवा आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

कास्तकार भाऊ, जाहिरात बंद केलेली नाही. 2023 च्या नोव्हेंबरातल्या सरकारच्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला गंडवणाऱ्या मांडणीच्या, मार्गदर्शक सूचनांनी वेश बदललेली जाहिरात बंद केली. म्हणजे बातमी किंवा साधा निकाल वाटावा अशी जाहिरात. आधी कमी भाव दाखवून शेवटच्या पायरीवर शुल्क चढवणं, तेही त्यात आहे. ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेली ओळ त्यात बसत नाही. मात्र फिक्या राखाडी रंगात, उन्हात मोबाइलवर दिसणारच नाही एवढं बारीक लिहिलं, तर ते सांगितलं म्हणायचं का, यावर भांडायला मी तयार आहे.

अमरावतीचं दुकान
आणि 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत क्रम कशावरून लावता हे सोप्या भाषेत सांगण्याचं बंधन आहे.

दारव्ह्याचा परत आलेला
ते ऑनलाइन बाजारपेठ चालवणाऱ्यांना. नुसती तुलना करून दुसरीकडं पाठवणारी साइट त्यात येते का, यावर माझं आणि माझ्या वकील मित्राचं अजून जमलेलं नाही.

आता गणूचा पंप. वरच्या ओळीचं पान उघडायला लावलं मी त्याला काल रात्री फोनवर. नावात ‘डबल पॉवर’ होतं, पण खाली तपशिलात बॅटरी 12 व्होल्ट 8 एएच. पाचव्या ओळीतला, चिठ्ठी नसलेला 2,690 चा, 12 व्होल्ट 12 एएच. म्हणजे दीडपट बॅटरी. 16 लिटर दोन्हीकडं, म्हणून यादीत सारखे दिसतात. मग पिनकोड 445302 टाकला. वरच्याला पोहोच 149 रुपये, म्हणजे 2,548. पाचव्याला पोहोच फुकट. फरक उरला 142 रुपयांचा, अन् त्यात बॅटरी दीडपट. पहिल्या पानावर हाच फरक 291 रुपयांचा वाटत होता.

रिव्ह्यूतही गंमत. 4.3 तारे दोघांनाही, कारण विक्रेत्यानं 8 आणि 12 चे पंप एकाच पानाखाली बांधले होते. कौतुक करणाऱ्यांनी 12 चा घेतला होता, फोटोत बॅटरीवरचा आकडा दिसतो.

आणि ‘कमी भाव आधी’ दाबून बघितलं. पहिल्या पानावर काय आलं? नोझल, गाळणी, चार्जर, मग हातानं दाबायचा पंप. शिवाय दोन स्पॉन्सर्ड ओळी तशाच वर बसलेल्या. भाव पोहोच न धरता लावलेला. म्हणून गणू, आधी बॅटरी 12 एएच आणि 16 लिटर अशी चाळणी लाव, नंतरच भावानं लाव.

एक गोष्ट हळूच सांगतो, दुकानाचं पान उघडलं की वरच्या पत्त्याच्या पट्टीत बघ. `utm_medium=cpc` किंवा `gclid` असं काही दिसलं, तर तुझ्या बोटाचे पैसे कुणीतरी मोजले. पण नाही दिसलं म्हणजे नाही मोजले, असं मात्र नाही. कमिशनची खूण पुष्कळदा मधल्याच पायरीवर पडते.

बाभूळगाव कास्तकार
बरं, बंद नाही केलं, मान्य. पण एवढं सगळं गणूनं कायले करावं? साइटनंच पोहोच धरून, बॅटरी धरून क्रम लावला असता, तं तुलना खरी झाली असती. तुम्ही वाचणाऱ्याले शहाणं करता, साइटले कोणी शहाणं करत नाही.

अमरावतीचं दुकान
तसा क्रम लावला तर पहिल्या पानाचे पैसे कोण देणार? साइट बंद पडेल.

सुलभाताई, पुसद
मग पडू दे. आमच्या काळी चार दुकानं पायी फिरून येत होतो.

पांढरकवड्याचा गणू
आज कृषी केंद्रात गेलो होतो. 12 एएच चाच, 2,950 ले. म्या मोबाइलवरचा 2,690 दाखवला तं म्हणे 2,800 ले देतो, पण गन लीक झाली तं मह्याकडेच आण, पंप आत्ता पाणी भरून चालवून दाखवतो. 110 रुपये जास्त हायेत. यवतमाळले एक चक्कर मारायले तेवढे जातातच. घेऊन टाकू का?

बाभूळगाव कास्तकार
पक्कं बिल घे अन् बॅटरीवरचा आकडा स्वतःच्या डोळ्यानं पाय. त्याच्या दुकानातही समोरच्या फळीवर कोणता ठेवायचा ते कंपनीवालाच सांगते, मले ठाऊक हाय.