एचबीए१सी ७.८ आणि सरासरी साखर १७७

“सकाळी उपाशीपोटी १२५ येते, मग रिपोर्टवर सरासरी १७७ कशी? लॅब चुकली का?”

लॅबचं गणित बरोबर आहे. एचबीए१सीवरून सरासरी साखर, म्हणजे eAG, काढायचं सूत्र eAG = 28.7 × A1c − 46.7, म्हणजे ७.८ ला २२३.८६ वजा ४६.७, झाले १७७. ही दोन-तीन महिन्यांची दिवसरात्रीची सरासरी, त्यात जेवणानंतरची चढलेली साखरही आली. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी मोजून बघा, बहुतेक तिथेच उत्तर सापडेल.

तिथेही १४०च्या आतबाहेर आली, तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन बघायला सांगा. आमच्या राजारामपुरीतल्या आत्याचं तसंच होतं. लोह कमी असलं की एचबीए१सी उगाच वर दिसतं, आणि सूत्र बिचारं तेच पुढं ढकलतं. तोवर गोळ्यांचा डोस मनानं वाढवू नका.