सल्ला हवा: पाचवीसाठी कागदी पट्ट्यांवरून सममूल्य अपूर्णांक, आणि तुलनेची कार्यपत्रिका

रविवार_वर्ग (इंदूर)
नमस्कार मंडळी. रामबागेत रविवारी पाचवीच्या चौदा मुलांचा गणिताचा वर्ग चालतो. निम्मी हिंदी माध्यमाची, निम्मी इंग्रजी, घरी सगळी मराठी. सममूल्य अपूर्णांक कागदाच्या पट्ट्या दुमडून दाखवायचे आहेत. अडचण अशी की २/३ आणि ४/६ च्या पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या की घड्या जुळतच नाहीत, अर्धा सेंटीमीटर इकडे-तिकडे होतात. मग मुलं म्हणतात, "सारखे नाहीत, हा थोडा मोठा आहे," आणि डोळ्यांना दिसतं तेच ती बोलतात. पट्टी किती लांबीची घ्यावी, तिसरे भाग नीट कसे पाडावेत, आणि नंतर लहान-मोठे ओळखायची चाळीस मिनिटांची कार्यपत्रिका कशी असावी? कोणी तयार केलेली असेल तर क्रमासकट सांगा.

सिंधूची_आई
ताई, पट्ट्यांपेक्षा पोळी बरी. गोल पोळीचे चार तुकडे, आठ तुकडे, मुलांना लगेच कळतं. शिवाय तिरका गुणाकार शिकवा, २ × ६ आणि ३ × ४ दोन्ही १२, झाले सममूल्य. दोन मिनिटांत उत्तर.

कागद_कात्री
पोळी अर्धा, पाव, अष्टमांश इथपर्यंत छान चालते. तिचे सहा सारखे भाग मात्र हाताने पडत नाहीत, आणि ५/६ मोठा की ७/८ हे दोन गोलांकडे बघून मोठ्या माणसालाही सांगता येत नाही. पट्ट्या एकाखाली एक लावता येतात, टोक कुठे संपतं ते दिसतं. तिरक्या गुणाकाराचं उत्तर बरोबर येतं, पण ते १२ कशाचे, हे पाचवीतल्या मुलाला सांगता येत नाही. तो सहावीत येऊ दे.

आता मूळ प्रश्न. पट्टी बरोबर २४ सेंटीमीटर लांब आणि ३ सेंटीमीटर रुंद घ्या. ए-फोर कागद २९.७ बाय २१ चा असतो, म्हणजे एका कागदातून उभ्या सात पट्ट्या निघतात आणि लांबीतून ५.७ कापून टाकायचे. सातच लागतात: एक अख्खी, मग २, ३, ४, ६, ८ आणि १२ भागांची. भागांची लांबी अनुक्रमे १२, ८, ६, ४, ३ आणि २ सेंटीमीटर, कुठेही दशांश येत नाही. चौदा मुलांना चौदा कागद, वर दोन जादा ठेवा.

घड्या जुळत नाहीत याचं कारण बहुधा असं की तिसऱ्यांची पट्टी अंदाजाने दुमडली जाते आणि सहाव्यांची पुन्हा वेगळ्या अंदाजाने. पहिलीत भाग ७.७, ८.१, ८.२ असे पडले तर २/३ ची खूण १५.८ वर येते. दुसरीत ४/६ ची १६.३ वर गेली की झाला तुमचा अर्धा सेंटीमीटर. बाराव्यांची पट्टी घडीवर घडी घालून केली तर आणखी बिघडते, कारण बारा पदर एकत्र येतात आणि आतले सरकतात. म्हणून अर्धे, पाव आणि आठवे तेवढे नुसते दुमडा. तिसऱ्यांसाठी ८ आणि १६ वर, सहाव्यांसाठी दर ४ वर, बाराव्यांसाठी दर २ वर पट्टीच्या दोन्ही कडांना पेन्सिलीचा ठिपका द्यायचा, ठिपक्याला ठिपका जोडून स्केल धरायची आणि स्केलच्या कडेवरून कागद वर उचलायचा. साधा झेरॉक्सचा कागद वापरा. ड्रॉइंग शीट घडीवर तडकते आणि रेघ जाड होते.

बडोदेकर_काका
आमच्या बडोद्याकडे तीस सेंटीमीटरची पट्टी सांगतात. ३० ला ५ आणि १० नेही भाग जातो, मग २/५ आणि ४/१० सुद्धा होतात. २४ ला पाचवे भाग पडतच नाहीत.

कागद_कात्री
काका, पाचव्यांचं बरोबर आहे, ३० मध्ये ६ आणि ३ असे सरळ येतात. पण पाव ७.५ होतो आणि आठवा ३.७५, तो स्केलवर दाखवता येत नाही. शिवाय ए-फोर तीन मिलिमीटरने अपुरा पडतो, लीगल कागद घ्यावा लागतो. २४ वर पाचवा भाग ४.८ येतो, तो खुणेने पाडता येतो. अडचण तुलनेत आहे. २, ३, ४, ६, ८, १२ हे सगळे २४ मध्ये बसतात, त्यामुळे त्यांच्यातले कोणतेही दोन असमान अपूर्णांक निदान एक सेंटीमीटरने वेगळे पडतात. घडी दोन मिलिमीटर चुकली तरी उत्तर फिरत नाही. ३/५ आणि ७/१२ मध्ये मात्र अंतर फक्त ४ मिलिमीटर (१४.४ आणि १४). तिथे घडी चुकली की निर्णय चुकतो. पाचवे-दहावे पट्टीवर आपसातच ठेवा.

निवृत्त_गुरुजी
लांबी ठरली, आता पट्टीवर काय करून घ्यायचं ते. दोन पट्ट्या शेजारी ठेवून "बघा सारखे" म्हणण्याआधी एकाच पट्टीवर काम करा. तिसऱ्यांची पट्टी घ्या, दोन भाग रंगवा. वर लिहा २/३. आता तीच पट्टी मिटवून पुन्हा मधोमध दुमडा आणि उघडा. विचारा: रंग वाढला का? नाही. रंगलेले भाग किती? चार. एकूण? सहा. प्रत्येक भागाचे दोन झाले, रंगलेल्यांचेही आणि कोऱ्यांचेही, म्हणून वर आणि खाली दोन्हीकडे दोनने गुणलं गेलं. हे वाक्य मुलाच्या तोंडून आलं पाहिजे. दोन खुणांवर केलेल्या पट्ट्या जुळवणं हा नंतरचा ताळा.

दोन चुका हमखास होतात. चार भागांच्या पट्टीवर घड्या तीन असतात, आणि मूल घड्या मोजून १/३ म्हणतं. भागाचं नाव घडीवर लिहू नका, दोन घड्यांच्या मधल्या घरात लिहा. दुसरी चूक पट्ट्या कापल्यावर होते. आठव्यांचे तीन तुकडे समोर असले की मुलाला तीनच दिसतात, ते ३/३ लिहितं. म्हणून कापू नका. कापायचेच असतील तर खाली अख्खी पट्टी कायम राहू द्या.

एक इंदूरचं म्हणून सांगतो. हिंदी माध्यमाची मुलं छेदाला 'हर' म्हणतात आणि सममूल्यला 'तुल्य भिन्न'. पहिल्याच दिवशी फळ्यावर दोन्ही नावं शेजारी लिहा. नाहीतर 'छेद' ऐकून मूल कागदाला भोक शोधतं.

बडोदेकर_काका
गुजरातीत अंश आणि छेदच आहेत, तेवढी आमची सोय.

गौरीचे_बाबा
माझी मुलगी पाचवीतच आहे. ती १/२ + १/३ = २/५ करते. या पट्ट्यांनी ते सुधरेल का? कार्यपत्रिकेत बेरजेचे प्रश्नही घाला ना.

निवृत्त_गुरुजी
दादा, ताईंचा प्रश्न तुलनेचा आहे, बेरीज त्यानंतर. पण घरी एवढं करा: अर्ध्याचा भाग १२, तिसऱ्याचा ८, एकापुढे एक ठेवा, २० वर टोक येतं. सहाव्यांच्या पट्टीवर तिथे ५/६ आहे. मग २/५ ची खूण ९.६ वर दाखवा. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहूनही कमी कसं, हे तिलाच विचारा.

कागद_कात्री
कार्यपत्रिका देते. चार रकाने आखा: अंदाज, पट्टीवर काय दिसलं, चिन्ह, कारण. अंदाजाचा रकाना पेनने भरून घ्या, पेन्सिलीने लिहिलेला अंदाज मुलं नंतर खोडून बरोबर करतात आणि त्यांचा गैरसमज आपल्याला दिसतच नाही. जोड्या या क्रमाने:

१) १/६ ___ १/८
२) ३/८ ___ ५/८
३) २/३ ___ ४/६
४) ३/४ ___ २/३
५) ५/६ ___ ७/८
६) ३/८ ___ ५/१२
७) ६/८ ___ ९/१२
८) ७/१२ ___ ५/८
९) २/५ ___ ४/१० (पट्टी न बघता)
१०) ११/१२ ___ ७/८ (पट्टी न बघता)

पहिल्या जोडीत "आठ मोठे म्हणून १/८ मोठा" म्हणणारी मुलं सापडतात. त्यांना ४ आणि ३ सेंटीमीटरचे भाग बोटाने दाखवायला लावा. पाचवी जोडी सगळ्यात मोलाची. पुष्कळ मुलं तिथे बरोबरचं चिन्ह टाकतात, कारण "दोन्हीत एकच उरला." पट्टीवर उरलेला भाग बघायला सांगा: ५/६ मध्ये ४ सेंटीमीटर उरतो, ७/८ मध्ये ३. जिथे कमी उरलं तो मोठा. दहाव्या जोडीत हेच पट्टीशिवाय वापरता येतं का, ते तपासायचं. सातवी मुद्दाम आहे. ६ ला कोणत्याही पूर्ण संख्येने गुणून ९ होत नाहीत, म्हणून मुलं 'सममूल्य नाहीत' असा अंदाज लिहितात. पट्टीवर दोन्ही १८ वर येतात, आणि मग ३/४ ची घडी त्याच रेषेत सापडते.

छापून आणणार असाल तर प्रिंट काढताना `Fit to page` ऐवजी `Actual size` निवडा. नाहीतर पट्टी २४ ची साडेबावीस-तेवीस होऊन येते. सगळ्या एकाच पानावर असतील तर तुलना बिघडत नाही, पण स्केलचे आकडे जुळत नाहीत.

निवृत्त_गुरुजी
पत्रिका चांगली आहे. एकच हरकत. सेंटीमीटर मुलांना सांगू नका, ते शिक्षकाच्या उत्तरपत्रिकेत राहू द्या. एकदा १८ आणि १६ हाती लागले की मूल अपूर्णांकाकडे बघत नाही, स्केल वाचतं. खुणाही तुम्हीच करून द्या.

कागद_कात्री
मला उलट वाटतं. ३/४ म्हणजे १८ आणि २/३ म्हणजे १६, हे तर १८/२४ आणि १६/२४ च आहेत. पुढे समच्छेद करायचे तेव्हा हाच आकडा हाताशी येतो. निदान आठव्या जोडीनंतर तरी विचारावं की हे १४ आणि १५ कशातले.

निवृत्त_गुरुजी
आठवीनंतर चालेल. पहिल्या जोडीपासून नको.

रविवार_वर्ग (इंदूर)
सगळ्यांचे आभार. या रविवारी अर्ध्या मुलांना खुणा करून देते आणि अर्ध्यांना स्केल, म्हणजे पाचव्या जोडीवर दोन्ही गटांची कारणं शेजारी ठेवून बघता येतील. चाळीस मिनिटांत खुणा करून घड्या आणि दहा जोड्या बसतील असं वाटत नाही, तेव्हा पट्ट्या आधीच्या रविवारी तयार करून पाकिटात घालून ठेवू का? की त्या आठवड्यात घड्या सैल होतात?

कागद_कात्री
घड्या सैल झाल्या तरी रेघ राहते. पट्ट्या दुमडून न ठेवता सपाट ठेवा, वहीत दाबून. आणि पाकिटावर मुलाचं नाव लिहा, दुसऱ्याच्या संचातली पट्टी मिसळली की तीन मिलिमीटरची गडबड पुन्हा सुरू.