'मॉडिफाइड ड्युरेशन'ला मराठीत काय म्हणावं?

पानगळ: सरकारी रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या एका गिल्ट फंडाच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. 'मॉडिफाइड ड्युरेशन ७.०' याचं मी 'सुधारित कालावधी ७ वर्षे' केलं, तर तपासणाऱ्यांनी लाल रेघ मारली. चुकलं कुठे?

सदुभाऊ: काही चुकलं नाही. फंडातल्या रोख्यांची सरासरी मुदत ती.

जुना ट्रेझरीवाला: सदुभाऊ, अर्धंच बरोबर. सरासरी मुदत त्याच पत्रकात वेगळी छापलेली असते, आणि तो आकडा मोठा असतो. १०० रुपयांचा, १० वर्षांचा, ७ टक्क्यांचा रोखा घ्या. मुद्दल शेवटी मिळतं, पण दरवर्षी ७ रुपये आधीच हातात पडतात. या सगळ्या रकमा त्यांच्या आजच्या मोलाच्या वजनाने दहा वर्षांच्या काठीवर टांगल्या, तर काठी साधारण साडेसात वर्षांच्या खुणेवर तोलून राहते. हे मॅकॉले ड्युरेशन. १९३८ सालचा अर्थतज्ज्ञ, तो इंग्रजी शिक्षणवाला नव्हे! इथवर 'कालावधी' शोभतो. त्याला १.०७ ने भागलं की ७.० येतं, आणि इथे शब्दाचा अर्थ पालटतो. बाजारातला दर एक टक्का हलला तर किंमत सुमारे ७ टक्के उलट्या दिशेने हलेल, असं हा आकडा सांगतो. दर ८ झाला की हा रोखा ९३.२९ ला येतो, ६ झाला की १०७.३६ ला जातो. पडतो थोडा कमी, चढतो थोडा जास्त, म्हणून 'सुमारे'.

मोगरा: म्हणजे पैसे सात वर्षं अडकणार? मला दोन वर्षांनी मुलीची फी भरायचीय.

जुना ट्रेझरीवाला: अडकत नाहीत हो, पण त्या दिवशीच्या एनएव्हीने, म्हणजे युनिटच्या भावानेच मिळतील. दोन वर्षांच्या गरजेला ७ चा फंड मी तरी घेणार नाही.

कऱ्हाडकर: माझ्या फंडाचं ड्युरेशन ९ होतं. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो अर्धा टक्का उतरवला. म्हटलं, साडेचार टक्के कुठे जात नाहीत. एनएव्ही खाली गेली!

जुना ट्रेझरीवाला: ९ ला गुणायचं ते रेपोतल्या बदलाने नाही, फंडातल्या रोख्यांच्या यील्डमधल्या, म्हणजे त्यांच्या बाजारातल्या दरातल्या बदलाने. कपात होणार हे बाजाराने आधीच किमतीत धरलं होतं. त्याच दिवशी बँकेने धोरणाचा पवित्रा 'न्यूट्रल' केला. पुढे फारशी कपात नाही असा अर्थ बाजाराने काढला आणि लांब मुदतीच्या रोख्यांचं यील्ड वर सरकलं. ०.२ टक्का जरी चढलं तरी ९ गुणिले ०.२, म्हणजे १.८ टक्के गेले.

पानगळ: मग 'दरसंवेदनांक' कसा वाटतो?

मोगरा: थर्मामीटरवर लिहिल्यासारखा.

जुना ट्रेझरीवाला: शब्द वाईट नाही, पण आमच्या डेस्कवर कुणाच्या तोंडी बसला नसता.

पानगळ: बरं, 'ड्युरेशन'च ठेवते आणि पुढचं 'वर्षे' खोडते.

सदुभाऊ: मूळ इंग्रजी पत्रकात आकड्यापुढे 'इयर्स'च छापलंय ना? मग खोडणार कसं?