चौकोन डोळ्यावर, फोटो मात्र नाकावर शार्प

दर्यावर्दी: आय एएफ, म्हणजे कॅमेऱ्याने डोळा ओळखून आपोआप फोकस करणं, ही निव्वळ जाहिरातबाजी आहे. कॅननचा आर६, अ‍ॅडॉप्टरवर ८५ एफ१.८. दापोलीच्या किनाऱ्यावर आमचा काळा लॅब माझ्याकडे पळत येतोय, चौकोन डोळ्यावर, आणि घरी येऊन बघतो तर निम्म्या फोटोंत नाक शार्प, नाहीतर मागून येणारी बायको शार्प. सेटिंगमध्ये माणूस, प्राणी सगळं करून झालं. जुन्या डीएसएलआरचा मधला पॉइंट काय वाईट होता?

भिंगवाला: जाहिरातबाजी म्हणालात म्हणून लिहितोय, नाहीतर पुढे गेलो असतो. तुम्ही दोन वेगळी दुखणी एकत्र कालवलीत. बायको शार्प आली तिथे कॅमेऱ्याने कुत्रा सोडलाय. नाक शार्प आलं तिथे सोडलेलाच नाही. चौकोनाचा अर्थ चित्रात डोळा सापडला एवढाच, लेन्स तिथवर पोचली असा नाही. लॅब ताशी २० किमीने आला तरी सेकंदाला साडेपाच मीटर, म्हणजे १२ फ्रेमच्या बर्स्टमध्ये एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत जवळपास ४५ सेमी. तो दोन मीटरवर येतो तेव्हा १.८ ला शार्प पट्टा सगळा मिळून ६ सेमीच्या आसपास, आणि लॅबचं थोबाड त्याहून लांब. कॅमेरा पुढचा अंदाज बांधून लेन्स हलवतो, तो अंदाज वीतभर नाही, चार बोटं चुकला की डोळा गेला. एफ४ ला तोच पट्टा १३ सेमीच्या आसपास होतो, घ्या की तेवढं.

आणि बघायचं असेल तर वाळू बघा. वाळूत कुठेतरी शार्प पट्टी दिसतेय पण ती पंजांच्या पुढे किंवा मागे आहे, तर फोकस चुकला. वाळू धड आहे आणि कुत्राच सगळा फराटलाय, तर शटर कमी पडलं.

कोथरूडकर: एवढं पुराण कशाला? शटर १/४००० करा, सुटला प्रश्न. आणि कायम Animals वर ठेवा, माणसंही पकडतो.

भिंगवाला: शटरने हालचाल थांबते हो, फोकस पुढेमागे होत नाही. नाक शार्प आलंय म्हणजे शटर पुरलंय, वर लिहिलंय ते वाचा तरी. Animals चं म्हणाल तर आर६ वर बरोबर, प्राण्याला पहिला मान, तो नसेल तर माणूस. पण सोनीच्या ए६४०० वाल्याने हे ऐकून लग्नाला Animals लावलं तर नवरीचा डोळा पकडायचा नाही, तिथे माणूस की प्राणी ते आपणच ठरवायचं.

कोथरूडकर: अर्धं बरोबर म्हणालात, आभारी आहे. सर्टिफिकेट कुठे मिळेल?

लग्नवाला_सातारा: बरं झालं लग्नाचा विषय निघाला. नवरीच्या मुंडावळ्या डोळ्यासमोर हलल्या की फोकस मोत्यांवर जातो. मी आय एएफ बंद करून बॅक बटनवर, म्हणजे मागच्या बटणाने अंगठ्याने फोकस करण्यावर आलो, तेव्हापासून सुखात आहे. सगळ्यांनी बॅक बटन वापरा.

कोथरूडकर: आलं बॅक बटन! प्रत्येक धाग्यावर येतं. अंगठ्याने दाबलं म्हणून कॅमेऱ्याला जास्त दिसतं का?

लग्नवाला_सातारा: तुम्ही अंतरपाट सरकतानाचा क्षण कधी पकडलाय का? तिथे नवरी दोन सेकंद दिसते, मागे मामा, पुढे व्हिडिओवाल्याचा लाइट. अंगठा सोडला की फोकस जागेवर राहतो, शटरच्या बटणावर राहत नाही. घरात मांजराचे फोटो काढणाऱ्यांना काय कळणार.

कोथरूडकर: मांजराला नावं ठेवू नका. पहाटे पाचला कोणाच्याही वऱ्हाडापेक्षा जास्त नीट बसते ती.

भिंगवाला: अहो, अंगठा सोडून फोकस जागेवर राहतो तो नवरी उभी आहे म्हणून. दर्यावर्दींचा कुत्रा येतोय, तिथे अंगठा सोडला तर मागचीच वाळू शार्प येईल. पळत्या प्राण्याला सतत फोकस बदलत राहणारा Servo AF लागतो आणि बटण दाबूनच ठेवावं लागतं, मग ते अंगठ्याने का तर्जनीने, मला काय. मोत्यांचं खरं आहे. त्याला संवेदनशीलता खाली, Case 2 करून बघा, मध्ये काही आलं तर लगेच सोडत नाही.

लग्नवाला_सातारा: करून बघतो. पण अंगठाच बरा.

दर्यावर्दी: माझ्या बायकोचं काय?

भिंगवाला: संध्याकाळी सूर्य कुत्र्याच्या मागे होता ना? काळ्या केसात काळा डोळा, त्यात चमक नाही, म्हणून कॅमेरा डोळ्यावरून डोक्यावर, तिथून अंगावर घसरतो आणि शेवटी स्पष्ट दिसणारा चेहरा घेतो. Switching tracked subjects मध्ये Initial priority करा, पहिला पॉइंट कुत्र्यावर ठेवून लांबूनच सुरुवात करा आणि उजेड तुमच्या पाठीमागून घ्या.

दर्यावर्दी: म्हणजे सूर्याला दापोलीत पूर्वेला मावळायला सांगू. बरं, एफ४ करतो. पण मग एवढ्या महाग लेन्सचा १.८ कशाला घेतला ते तुम्हीच बायकोला समजावा.

कोथरूडकर: शटर १/४००० पण ठेवा हो सोबत.