समितीच्या गणितात ७२० टिक केलं, उत्तर ६० निघालं. चूक माझी की प्रश्नाची?

पाव_मार्क_गेला
बँकेच्या परीक्षेची तयारी चालूय. रविवारच्या सराव टेस्टला हा प्रश्न होता: "५ पुरुष आणि ४ स्त्रिया यांच्यातून ३ पुरुष व २ स्त्रियांची समिती किती प्रकारे तयार करता येईल?" पर्याय ६०, १२६, ७२०, ७२००. मी 5P3 × 4P2 केलं, म्हणजे ६० गुणिले १२, ७२०, पर्याय समोरच दिसला, बिनधास्त टिक. उत्तरसूची म्हणते ६०, वर पाव मार्क कापला. माझं म्हणणं असं की माणसं म्हणजे गोट्या नाहीत, सगळी वेगवेगळी आहेत, मग पर्म्युटेशन का नाही? क्रम बघायचा नाही असं प्रश्नात कुठंय लिहिलेलं? असा प्रश्न रद्दच करायला पाहिजे. पटतंय का कुणाला?

घाईत_आहे
दोन्ही चूक. ९ जणांतून ५ निवडायचे, 9C5, उत्तर १२६. सोपं होतं की.

खडूफळा
@घाईत_आहे प्रश्न परत वाचा, ३ पुरुष आणि २ स्त्रिया असं ठरवून दिलंय. तुमच्या १२६ मधे चार पुरुष एक स्त्रीवाल्या समित्या पण आल्या, पाचही पुरुषांची एक समिती पण आली. आपल्याला हव्यात त्या ६० त्यातच आहेत, बाकीच्या ६६ चं इथं काम नाही.

घाईत_आहे
हो की. तेवढी ओळ डोळ्यांनी गिळली. म्हणजे १२६ पण मुद्दाम टाकलेला पर्याय.

खडूफळा
चारही मुद्दामच आहेत. पेपर काढणारा आधी पोरं कुठं कुठं घसरतील ते काढतो आणि मग ते आकडे पर्यायात ठेवतो. म्हणून "माझं उत्तर पर्यायात सापडलं" याला काडीची किंमत नाही.

आता मूळ प्रश्नकर्ते, सूत्र जरा बाजूला ठेवा आणि कागदावर एकच समिती लिहा. पुरुष क ख ग घ च, स्त्रिया ट ठ ड ढ. समिती समजा क, ख, ग, ट, ठ. आता तुमच्या ७२० मधे ही समिती कितीदा मोजली गेली बघा. 5P3 मधे कखग, कगख, खकग, खगक, गकख, गखक ही सहा वेगळी धरली. 4P2 मधे टठ आणि ठट दोन वेगळी. सहा दुणे बारा. म्हणजे त्याच पाच माणसांची तीच समिती तुम्ही बारा वेळा मोजलीत, आणि हे प्रत्येक समितीचं झालंय. ७२० भागिले १२ किती?

माणसं वेगवेगळी आहेत हे खरंय, पण ते कॉम्बिनेशनमधे पण धरलेलंच असतं. ती गोट्यांसारखी एकसारखी असती तर ३ पुरुष २ स्त्रिया घ्यायची एकच पद्धत असती, ६० कशाला आले असते. माणूस वेगळा असणं आणि जागा वेगळी असणं या दोन गोष्टी आहेत, तुम्ही पहिल्यावरून दुसरी गृहीत धरलीत.

मंडळाचा_खजिनदार
सर तुम्ही खडूवाले, प्रत्यक्षातली समिती बघितलीये का कधी? आमच्या गणपती मंडळात अध्यक्ष वेगळा, सचिव वेगळा, खजिनदार (मी, आठ वर्षं, पावतीपुस्तकं सांभाळून केस पांढरे झाले) वेगळा. मला अध्यक्ष केलं आणि अध्यक्षाला पावतीपुस्तक दिलं तर ती तीच समिती म्हणायची का? क्रम असतोच. पोराचं बरोबर आहे, ७२० ला मार्क द्या.

पाव_मार्क_गेला
बघा! हेच म्हणतोय मी.

आकडेमोड
खजिनदारसाहेब, तुमचा मुद्दा खरा मानू, पण मग तो शेवटपर्यंत चालवून बघा. पाच जण आणि पाच वेगळी पदं धरली तर? आधी माणसं निवडायला ६० प्रकार, मग त्या पाच जणांना पाच पदं वाटायला १२०, झाले ७२००. तो चौथा पर्याय आहे, तिसरा नाही. तीनच पदं असतील आणि दोघं साधे सभासद, तर ६० गुणिले ५ गुणिले ४ गुणिले ३, म्हणजे ३६००, तो तर पर्यायातच नाही. एकटा अध्यक्ष असेल तर ३००. यातलं ७२० काहीच नाही. म्हणजे "क्रम महत्त्वाचा आहे" हे मान्य केलं तरी या भावाचं उत्तर येतच नाही, मला यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट ही वाटते.

पाव_मार्क_गेला
थांब, हे कळलं नाही. मी पण क्रम धरलाच ना, मग मला ७२०० का नाही आले?

आकडेमोड
कारण तू पुरुषांचा क्रम पुरुषांत लावलास आणि बायकांचा बायकांत. पाच खुर्च्यांपैकी कोणत्या तीन खुर्च्यांवर पुरुष हे तू कधी ठरवलंच नाहीस. ते ठरवायला 5C3 म्हणजे १० प्रकार, आणि ७२० ला १० ने गुणलं की ७२००. तुझं ७२० कशाचं उत्तर आहे सांगू? फोटो काढायचाय, मागच्या रांगेत तीन पुरुष उभे, पुढच्या रांगेत दोन बायका बसलेल्या, आणि कोण कुणाच्या डावीकडं हे पण बघायचंय. त्याचे ७२० फोटो होतील. प्रश्नात फोटो नव्हता.

पाव_मार्क_गेला
आईशप्पथ. फोटोचं पटलं.

शॉर्टकट_भाऊ
एवढा राडा कशाला करताय. क्लासमधे आम्हाला एकच शिकवलंय, "निवड" शब्द दिसला की C, "मांडणी" दिसला की P. समिती म्हणजे निवड, C लावा, पुढचा प्रश्न घ्या. परीक्षेत एका प्रश्नाला पाऊण मिनिट मिळत नाही आणि तुम्ही कखग लिहित बसा. आणि चुकून P लावलंच तर शेवटी निवडलेल्या माणसांच्या फॅक्टोरियलने भागायचं, झालं.

आकडेमोड
शेवटचं वाक्य अर्धंच बरोबर आहे भाऊ. निवडलेली माणसं ५, फॅक्टोरियल १२०, ७२० भागिले १२० म्हणजे ६. फक्त सहा समित्या? चार बायकांतून दोघी निवडायलाच सहा प्रकार होतात, पुरुष अजून घेतलेच नाहीत. भागायचं ते जेवढ्यांदा जास्त मोजलं तेवढ्याने, आणि इथं क्रम दोन वेगळ्या गटांत लागला होता म्हणून 3! गुणिले 2!, 5! नाही.

खडूफळा
आणि तो शब्द बघून सूत्र लावायचा प्रकार, त्यावर माझा कायमचा राग आहे. "९ सभासदांमधून अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांची निवड किती प्रकारे करता येईल?" शब्द "निवड" आहे. C लावलं की ८४ येतात, आणि ते चूक, कारण पदं वेगळी आहेत, ९ गुणिले ८ गुणिले ७ म्हणजे ५०४. आता उलटं घ्या. "३ एकसारखे लाल आणि २ एकसारखे पांढरे झेंडे एका ओळीत किती प्रकारे मांडता येतील?" शब्द "मांडता". उत्तर 5C3, दहा. लाल झेंड्यांच्या तीन जागा ठरल्या की संपलं, लाललाल आपसात बदलून ओळ बदलत नाही.

शब्दापेक्षा अदलाबदल करून बघा. तुमच्या उत्तरातले कोणतेही दोघं उचला, जागा बदला आणि विचारा की प्रश्नाच्या दृष्टीने काही वेगळं झालं का. क च्या जागी ख आणि ख च्या जागी क, समिती तीच राहिली, म्हणजे क्रम मोजायचा नाही. अध्यक्ष आणि सचिव बदलले, लगेच फरक पडला, म्हणजे मोजायचा. याला पाच सेकंद लागतात.

शॉर्टकट_भाऊ
सर राग मान्य, पण दहातले आठ प्रश्न माझ्या शब्दावरच सुटतात. दोन सोडून द्यायचे. कटऑफ तत्त्वावर नाही, मार्कांवर लागतो.

खडूफळा
ते दोन कोणते हे कळलं तर सोडाल ना. इथं हे पोरगं बिनधास्त टिक करून आलंय.

रात्रीचा_अभ्यास
मी जरा वेगळं म्हणतो, इतकं घाबरायचं कारण नाही. प्रॉबॅबिलिटीचा प्रश्न असेल तर P लावा नाहीतर C, उत्तर एकच येतं कारण वर खाली दोन्हीकडं जास्तीचं कटतं. मी तर कायम P च लावतो.

आकडेमोड
कटतं, पण दोन्हीकडं सारखंच जास्त मोजलं असेल तरच. हाच प्रश्न घे, ९ जणांतून चिठ्ठ्या टाकून ५ काढले, ३ पुरुष २ स्त्रिया येण्याची शक्यता? C ने ६० भागिले १२६, म्हणजे १०/२१. P ने खाली 9P5, १५१२०. वर तू 5P3 × 4P2 लिहिणार, ७२०. भागाकार १/२१. बरोबर दहापट कमी, तोच खुर्च्यांचा दहा इथं पण सुटला. वर ७२०० लिहिलंस तर १०/२१ येतं. तू कायम P लावतोस तर एकदा जुने सोडवलेले तपास बाबा.

रात्रीचा_अभ्यास
...तपासतो. दोन ठिकाणी उत्तर न जुळल्यावर मी छपाईची चूक म्हणून पुढं गेलेलो आठवतंय 😅

मंडळाचा_खजिनदार
गणित कळलं, तरी माझं एक म्हणणं राहतंच. "पदं नसलेली समिती" एवढे तीन शब्द प्रश्नात टाकायला काय जातं? गावाकडच्या पोराला समिती म्हटलं की अध्यक्षच डोळ्यासमोर येतो.

खडूफळा
हे मात्र मी पूर्ण खोडणार नाही. गणिताच्या पुस्तकात समिती म्हणजे नुसता माणसांचा गट हा संकेत आहे, आणि तो पोरांना कुणी सांगत नाही, आम्ही पण धरूनच चालतो. पण प्रश्न रद्द व्हावा इतका तो गोंधळाचा नाही, कारण पदं धरून पण ७२० निघत नाही हे वर झालंच.

पाव_मार्क_गेला
रद्दचं मागे घेतो. चूक कुठं झाली ते आता दिसतंय. मी मनात "पहिला पुरुष ५ प्रकारे, दुसरा ४, तिसरा ३" असं म्हणत गेलो, आणि पहिला दुसरा म्हटलं तिथंच क्रम घुसला. प्रश्नात पहिला दुसरा कुणीच नव्हता. म्हणजे आता निवड असेल तिथं C लावलं की सुटलो ना?

खडूफळा
तेवढ्याने नाही. चार जण कॅरम खेळायला बसलेत, दोन जोड्या पाडायच्यात. किती प्रकारे?

पाव_मार्क_गेला
4C2, सहा. उरलेले दोघं आपोआप.

खडूफळा
चौघं म्हणजे अ ब क ड. अब विरुद्ध कड, अक विरुद्ध बड, अड विरुद्ध बक. चौथी जोडणी काढून दाखवा.

पाव_मार्क_गेला
तीनच होतात. पण C च लावलं होतं की मी!

खडूफळा
अब निवडले की कड उरतात, आणि कड निवडले की अब उरतात, तुम्ही ते दोन मोजले. माणसांचा क्रम काढलात, जोड्यांचा राहिला.

मंडळाचा_खजिनदार
इथं मात्र सहाच बरोबर सर. पहिला स्ट्राईक कुठल्या जोडीचा यावरून आमच्या मंडळात दोन वर्षं बोलणं बंद होतं लोकांचं, आणि तुम्ही म्हणताय फरक नाही.

शॉर्टकट_भाऊ
😂 काकांना पहिला स्ट्राईक द्या कुणीतरी.

खडूफळा
जोड्या पाडायच्यात एवढंच विचारलंय, स्ट्राईकचं विचारलं नाही.

मंडळाचा_खजिनदार
मग तसं लिहा ना प्रश्नात.