बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनवरचा तेलकट चिकटा कसा काढावा? खर्च ३०० रुपयांच्या आत

रेवती_मनीषनगर
नमस्कार. आमचा फ्लॅट मनीषनगरात दुसऱ्या मजल्यावर आहे आणि बाथरूमचा सहा इंची एक्झॉस्ट फॅन इमारतीच्या डक्टमध्ये उघडतो. पुढची जाळी, पाती आणि मागच्या झडपा असे सगळे प्लॅस्टिकचे आहे. जाळीवर बोटाला चिकटणारा काळपट थर बसला असून कोरड्या कपड्याने पुसला तर तो नुसता पसरतो. भांड्यांच्या साबणाने वरची धूळ निघते, पण खालचा पिवळा चिकटा जसाच्या तसा राहतो. पंखा फिरतो, मात्र आंघोळीनंतर आरशावरची वाफ पूर्वीपेक्षा खूप उशिरा जाते. स्वयंपाकघरातला पंखा असता तर समजले असते, पण बाथरूममध्ये एवढे तेल कुठून येते? नवा पंखा घ्यायचा नाही आणि साहित्यासह सगळे ३०० रुपयांत बसवायचे आहे. घरी घोडी, टेस्टर आणि पेचकस आहेत. कृपया स्वतः केलेले असेल तेच सांगावे.

सुहास_धरमपेठ
ताई, जुना पंखा घासण्यात सुटीचा दिवस घालवण्यापेक्षा बीएलडीसी मोटारीचा नवा पंखा घ्यावा. मी गेल्या उन्हाळ्यात घेतला. तो वीज कमी खातो, आवाज जवळजवळ नाही आणि त्याची जाळी एका खटक्यात निघते. किंमत आपल्या आकड्याच्या बरीच वर जाते, हे मान्य आहे, पण आमच्याकडे पाहुणे आले की प्रत्येक जण त्या पंख्याची चौकशी करतो.

इतवारीकर
नव्या पंख्याची गरज नाही. खाण्याचा सोडा जाळीवर भुरभुरावा आणि त्यावर व्हिनेगर ओतावे. जोरात फेस येतो आणि तो फेसच मळ उचलतो. आमच्या घरी बेसिनपासून टाइल्सपर्यंत सगळीकडे हेच वापरतो आणि खर्च ५० रुपयांच्या वर जात नाही.

मीनल_सदर
आमच्याकडेही हाच त्रास होता, म्हणून आम्ही चिमणी बसवून घेतली. तिचे फिल्टर गरम पाण्यात बुडवले की तेल सुटते. फोडणी देताना चिमणी आधी सुरू करावी आणि स्वयंपाक झाल्यावरही थोडा वेळ चालू ठेवावी, म्हणजे पंख्यावर तेल बसतच नाही.

रेवती_मनीषनगर
मीनलताई, माझा प्रश्न बाथरूमच्या पंख्याचा आहे. आमच्या स्वयंपाकघरात चिमणी आहेच आणि ती नीट चालते.

वर्धारोडचे_काका
मी आयुष्यभर मोटार वाइंडिंग आणि पंखे दुरुस्तीचे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी तेलाचा उगम शोधावा, कारण तो सापडला नाही तर धुतलेली जाळी पुन्हा तशीच होईल. वीज बंद करून जाळी काढावी आणि डक्टच्या बाजूच्या झडपांच्या दोन्ही अंगांवरून बोट फिरवावे. चिकटा खोलीकडच्या अंगाला आणि पात्यांच्या पुढच्या कडेला जास्त असेल तर तो आपल्याच घरातला समजावा. केसांचे तेल, पावडर, साबणाची वाफ आणि टॉवेलचे तंतू एकत्र आले की असा थर होतो. चिकटा झडपांच्या बाहेरच्या अंगाला जास्त असेल तर तो डक्टमधून येतो. त्याच डक्टमध्ये कुणाच्या स्वयंपाकघराचा पंखा उघडत असेल तर त्याचा तेलकट धूर वर चढतो आणि आपला पंखा बंद असताना अर्धवट उघड्या अडकलेल्या झडपांतून आत शिरतो.

सफाईसाठी धुण्याचा सोडा आणावा. तो किराणा दुकानात स्वस्तात मिळतो. खाण्याचा सोडा फार सौम्य असतो, त्याने वाळलेले तेल सुटत नाही. हाताला सोसेल इतक्या गरम एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे सोडा आणि थोडे भांडी घासायचे लिक्विड घालावे. जाळी त्यात अर्धा तास पूर्ण बुडवून ठेवावी आणि मग जुन्या टूथब्रशने घासावी. रबरी हातमोजे घालावेत. उकळते पाणी ओतू नये, कारण पातळ प्लॅस्टिक वाकडे होते आणि मग जाळीचे खटके बसत नाहीत. पिवळा थर म्हणजे हवेने आटून वार्निशासारखे झालेले तेल असते. ते जोराने सुटत नाही, भिजायला वेळ दिला की सुटते. पहिल्या खेपेला अर्धवट निघाले तर ताजे पाणी करून पुन्हा भिजवावे.

इतवारीकर
काका, व्हिनेगरचे काय? आमच्याकडे त्यानेच जाळी पांढरीशुभ्र झाली होती.

वर्धारोडचे_काका
सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की दोघे एकमेकांना निकामी करतात. फेस दिसायला जोरदार असतो, पण मागे राहते ते जवळजवळ खारे पाणी. आपली जाळी पांढरी झाली असेल तर तिच्यावर तेलापेक्षा क्षारांचा थर जास्त असावा, आणि क्षारावर व्हिनेगर खरोखर चांगले चालते. बोअरच्या जड पाण्यात धुण्याचा सोडा घातला की पांढरट साका धरतो आणि जाळी वाळल्यावर तिच्यावर पांढरी झाक राहते. ती काढायला सगळ्यात शेवटी, सोडा पूर्ण धुऊन झाल्यावर, व्हिनेगरचा ओला कपडा जरूर फिरवावा. त्यामुळे आपली बाटली वाया जाणार नाही, फक्त क्रम बदलावा.

प्रतापनगर_अनघा
थिनर आणि पेट्रोल यांपासून जाळी दूर ठेवावी, हे मला आवर्जून सांगायचे आहे. आमच्याकडे रंगाचे काम चालू असताना कामगाराने न विचारता थिनरच्या बोळ्याने जाळी पुसली. चिकटा क्षणात गेला, पण त्याबरोबर प्लॅस्टिकची तकाकीही गेली. पृष्ठभाग मऊ पडला, बोटांचे ठसे कायमचे उमटले आणि पुढे दोन खटके हात लावताच तुटले. कंत्राटदाराने भरपाई तर दिली नाहीच, वर जाळी जुनीच होती असे ऐकवले.

सुहास_धरमपेठ
म्हणूनच नवा घ्या म्हणतो.

रेवती_मनीषनगर
सगळ्यांचे आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे एमसीबी खाली केला, टेस्टरने पाहिले आणि जाळी काढली. झडपांचा चिकटा बाहेरच्या अंगाला स्पष्टपणे जास्त आहे. खालची झडप पूर्ण मिटत नाही, तिच्या कडेला काळ्या लोण्यासारखा थर आहे. पाती मात्र सुटत नाहीत. मधली प्लॅस्टिकची टोपी कितीही फिरवली तरी हलत नाही. आता जोर लावू की इलेक्ट्रिशियनला बोलावू?

वर्धारोडचे_काका
एमसीबी खाली केला हे उत्तम झाले. पुष्कळ घरांत बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेले असते, त्यामुळे बटण बंद करूनही पंख्यापर्यंत करंट येत राहतो. एमसीबी न पाडता नुसते बटण बंद करून ओला कपडा कधीही लावू नये.

टोपीवर बाणाची खूण आहे का ते पाहावे. अशा बहुतेक पंख्यांत आटे अशा बेताने काढलेले असतात की पंखा सुरू होताना टोपी आपोआप घट्ट होते. म्हणून ती सोडवताना पंखा ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने फिरवावी लागते, आणि सवयीने आपण नेमके उलट फिरवून ती आणखी आवळतो. एका हाताने पाती धरावी, टोपीभोवती गरम पाण्यात पिळलेला कपडा थोडा वेळ गुंडाळून ठेवावा आणि मग प्रयत्न करावा. टोपीला चीर दिसली तर तिथेच थांबावे.

पाती निघाली नाहीत तरी काम अडत नाही. सोड्याच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या कपड्याने प्रत्येक पाते दोन्ही बाजूंनी पुसावे आणि मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या कपड्याने सोडा काढावा. फवारा मारू नये, पाणी मोटारीत शिरते. मोटारीच्या खाचांतली धूळ रंगाच्या कोरड्या ब्रशने काढावी. सगळी पाती सारखी पुसणे महत्त्वाचे आहे. एकावर थर राहिला आणि बाकीची स्वच्छ झाली तर तोल जातो आणि पूर्वी शांत चालणारा पंखा थरथरू लागतो. असे झाले तर मोटार बिघडली असे न समजता आधी पाती पुन्हा पाहावीत.

इतवारीकर
झडपांच्या बिजागरीला खोबरेल तेलाचा थेंब सोडावा, त्या लगेच मोकळ्या होतात.

वर्धारोडचे_काका
तेल सोडू नये. त्याच तेलावर नवी धूळ बसेल आणि झडप पुन्हा अडकेल. बिजागरी स्वच्छ आणि कोरडी असली की झडप स्वतःच्या वजनाने पडते. बोटाने उचलून सोडावी, मध्ये न थांबता मिटली तर काम झाले.

प्रतापनगर_अनघा
आम्ही नवी जाळी बसवल्यावर आतून मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा लावला आहे. धूळ त्यावरच अडकते आणि तो काढून धुता येतो.

वर्धारोडचे_काका
माझे मत याच्या विरुद्ध आहे. सहा इंची पंख्याला हवा ढकलण्याचा जोर फार नसतो. कापडावर धूळ बसली की ओढ निम्म्यावर येते आणि वाफ खोलीतच राहते. शिवाय रेवतीताईंचा चिकटा डक्टकडून येत आहे, आतून कापड लावून तो थांबणार नाही.

मीनल_सदर
चिमणीचा पाइप कुणी डक्टमध्ये सोडला आहे का, ते सोसायटीत विचारावे. चिमणी म्हटले ते उगाच नव्हते.

रेवती_मनीषनगर
काम झाले, म्हणून सविस्तर कळवते. धुण्याचा सोडा, हातमोजे आणि ब्रश मिळून ३०० रुपयांच्या बरेच आत भागले. जाळी आणि झडपा दोन वेळा ताजे पाणी करून भिजवाव्या लागल्या. दुसऱ्या वेळी पिवळा थर टूथब्रशखाली सालीसारखा सुटला आणि खालचे मूळ पांढरे प्लॅस्टिक दिसले. शेवटी व्हिनेगरचा कपडा फिरवल्यावर पांढरी झाकही गेली. टोपीवर बाण होता, पण त्या दिशेनेही ती हलली नाही आणि कडेला बारीक चीर दिसू लागली, म्हणून पाती जागेवरच पुसली. मागच्या बाजूचा थोडा थर राहिला आहे, तरीही पंखा थरथरत नाही. पंखा सुरू करून जाळीवर टिश्यू पेपर धरला तर तो आता चिकटून राहतो, पूर्वी लगेच खाली पडत असे.

काकांचे म्हणणे समजूनही मी अनघाताईंसारखे मच्छरदाणीचे कापड आतून लावले आहे, कारण पाती निघत नाहीत आणि टॉवेलचे तंतू त्यांच्यापर्यंत पोहोचू नयेत असे मला वाटते. दर रविवारी ते धुईन आणि टिश्यू पडू लागला तर काढून टाकीन. खालच्या मजल्यावरच्या एका घराचा स्वयंपाकघरातला पंखा याच डक्टमध्ये उघडतो असे दिसले. तो विषय सोसायटीच्या बैठकीत मांडणार आहे.

वर्धारोडचे_काका
कापड ठेवायचेच असेल तर जाळीला चिकटवू नये, बोटभर अंतर सोडून ताणावे, म्हणजे सगळ्या कापडातून हवा जाईल. आणि चीर पडलेल्या टोपीवर लक्ष ठेवावे. ती वाढली किंवा पंख्यातून टकटक ऐकू आली तर पंखा लगेच बंद करून फक्त टोपी बदलून घ्यावी.

सुहास_धरमपेठ
सोसायटीच्या बैठकीत काय ठरले ते इथेही कळवावे. आमच्या इमारतीतही स्वयंपाकघरांचे पंखे डक्टमध्येच उघडतात आणि माझ्या नव्या पंख्याच्या झडपा आज पाहिल्या तर बाहेरून चिकट लागल्या.