मदत हवी आहे: सातव्या दिवशी टेकू काढायचे का?

नवखा_सुपरवायझर:
पहिल्या मजल्याचा स्लॅब १५० मिमी जाड, गाळा ५ मीटरचा. आज सहावा दिवस. सेंट्रिंगवाला म्हणतो, उद्या टेकू काढतो, वरच्या स्लॅबला तेच लागतील. वरचा स्लॅब बाराव्या दिवशी पडणार आहे. आज खाली फिरलो तर दोन जॅकांत पिनेऐवजी सळईचे तुकडे घातलेले. एक तुकडा वाकलेला होता. मला झोप येईना झालीय. काय करू?

रेतीखडी:
सात दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद येते. स्लॅब स्वतःचं वजन पेलेल. काढू दे.

जुना_सेंट्रिंगवाला:
रेतीखडी, स्वतःच्या वजनापुरतं तुमचं बरोबर असेलही, तेही साधं सिमेंट असेल तर. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, मागे राहतं. काँक्रीटच्या आयएस ४५६ मानकात साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला ७ दिवस आहेत, त्यापुढे १४. हा ५ चा आहे.

पण खरी भीती बाराव्या दिवसाची. वरचा ओला स्लॅब चौरस मीटरला ३७५ किलो. प्लेटा, माणसं धरून साडेपाचशेच्या आसपास. खालचा स्लॅब घराचा असेल तर स्वतःच्या वजनाशिवाय वापराचे २०० आणि फरशीचे शंभरेक किलो धरून काढलेला असतो, तेही पूर्ण ताकदीला. म्हणजे कच्च्या स्लॅबवर जवळजवळ दुप्पट बोजा. त्याच्याखाली टेकू हवेतच, वरच्या टेकूंच्या बरोबर रेषेत. नाहीतर वरचा टेकू खालच्या स्लॅबला मधेच भोसकेल.

आणि ते सळईचे तुकडे आजच बदला. टेकू १.२ मीटरवर असतील तर एकेकावर आठशे किलो येतात, ते सगळे त्या पिनेवर. एक बसला की त्याचा भार शेजारच्यांवर जातो. बदलताना एका वेळी एकच, शेजारी जादा टेकू घट्ट करून मगच.

पंप_हेल्पर:
टेकूचं मला कळत नाही, पण वर पंपाने ओतणार असाल तर ऐका. आमच्याकडे पाइप तुंबला होता. ऑपरेटरने उलटा फिरवून पुन्हा सुरू केला. मधे हवा अडकलेली. ती सुटली तसा शेवटचा रबरी होज आडवा फिरला, माझ्या मित्राचा खांदा निखळला. तो होज दोन्ही पायांमध्ये धरून उभा होता. तुंबल्यावर पुन्हा सुरू करताना होजजवळ कोणी नको, माल सलग येईपर्यंत. टोकाला लोखंडी कपलिंगही ठेवू नका.

नवखा_सुपरवायझर:
पिना बदलून घेतल्या. खालचे टेकू मातीच्या भरावावर विटा ठेवून उभे आहेत, तिथे क्युरिंगचं पाणी मुरतंय. हेही बघावं लागेल का?

जुना_सेंट्रिंगवाला:
लगेच. भिजलेला भराव दबतो, टेकू हाताने हलू लागतो. पाणी दुसरीकडे वळवा, विटांऐवजी रुंद जाड फळ्या घाला. त्याही एकेक करून.

नवखा_सुपरवायझर:
घालतो. ठेकेदार म्हणतो, जादा टेकूंचं भाडं कोण देणार. वरच्या स्लॅबची तारीख पुढे ढकला म्हणून इंजिनिअरला फोन केलाय. उद्या क्यूब फोडून बघणार आहेत.